वजाबाकी चुकली, पण वेगळी चुकली

पहिल्या सत्राचा शेवटचा दिवस म्हणजे आमच्याकडे वेचणीचा भर. पांझरेकाठच्या या गावात दिवाळीच्या तोंडावर पालकसभा ठेवली की निम्म्या आया वावरातूनच येतात. कमरेला कापसाची झोळी, पदराला पांढरे तंतू चिकटलेले, आणि नजर बाहेर थांबलेल्या रिक्षाकडे. अशाच एका सभेत, पाच-सहा वर्षांपूर्वी, एका बाईंच्या हातात मी त्यांच्या मुलाचं प्रगतिपत्रक दिलं. त्यांनी ते उलटं-सुलटं बघितलं आणि शेजारी उभ्या मुलाच्याच हातात दिलं. ‘‘हाई काय लिखेल शे?’’

मुलगा वाचायला लागला. ‘‘सुधारणा आवश्यक. गणिती क्रियांचा सराव आवश्यक. अभ्यासात सातत्य ठेवावे.’’ ‘सातत्य’ला तो दोनदा अडखळला. आई माझ्याकडे बघत राहिली. ‘‘म्हंजे काय, मॅडम?’’

मला उत्तर देता आलं नाही. कारण ते वाक्य मी त्या मुलाकडे बघून लिहिलंच नव्हतं. शिक्षकांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर सत्र संपायच्या आठवड्यात एक पीडीएफ फिरते, ‘वर्णनात्मक नोंदी, इयत्ता पहिली ते आठवी’. विषयवार शेकडो तयार वाक्यं. ‘वाचन स्पष्ट व शुद्ध करतो.’ ‘शालेय उपक्रमात आनंदाने सहभागी होतो.’ ‘हस्ताक्षर सुधारणे आवश्यक.’ एकतीस मुलं, प्रत्येकाचे सगळे विषय, वर विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक हे तीन रकाने. शिवाय निकालपत्रकं आणि बाकीची माहिती भरायची ती वेगळीच. अशा वेळी ती पीडीएफ देवासारखी धावून येते, हे मी नाकारत नाही. मीही वर्षानुवर्षं त्यातूनच उतरवून काढलंय.

नोंदींमागचा विचार मात्र वाईट नव्हता. शिक्षणहक्क कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्यापाठोपाठ २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आपल्याकडे आकारिक आणि संकलित अशी विभागणी आली. तिसरी-चौथीला ६० गुण आकारिकचे, म्हणजे वर्षभर वर्गात बघून, बोलून, करून घेऊन द्यायचे, आणि ४० संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. दोन्हींची बेरीज करून श्रेणी. आणि श्रेणी जे सांगू शकत नाही ते शब्दांत सांगता यावं म्हणून नोंदी. आम्ही त्या शब्दांचीही श्रेणी करून टाकली, एवढंच.

त्या सभेनंतर मी एक गोष्ट सुरू केली. प्रगतिपत्रकातला रकाना नियमाप्रमाणे भरतेच, पण त्याला अर्ध्या पानाची एक चिठ्ठी जोडते. एका सत्रात सगळ्यांना देता येत नाही हे लवकरच कळलं. वर्गातल्या दहा-बारा मुलांना पहिल्या सत्रात, उरलेल्यांना दुसऱ्या. ज्यांच्या श्रेणीवरून काहीच कळत नाही ती मुलं आधी. मधली मुलं. वरच्यांना सगळे ओळखतात, खालच्यांसाठी बैठका होतात, मधल्यांचं कोणी काही लिहीत नाही.

गेल्या वर्षीच्या माझ्या तिसरीतला असाच एक. त्याला इथे भूषण म्हणते.

गणितात आकारिक ३४, संकलित १५. एकूण ४९, म्हणजे क-२. दुसरीच्या शेवटीही त्याची श्रेणी क-२ होती. कागदावर बघितलं तर पोरगा जागचा हललेला नाही. मी रकान्यात काय लिहिणार? ‘वजाबाकीचा सराव करावा’ हे हाताला आलंच होतं. पण चिठ्ठी लिहायची म्हणून त्याच्या वह्या घेऊन बसले, जुलैपासूनच्या.

जुलैत आम्ही दोन अंकी वजाबाकीची उजळणी घेतली होती. भूषणच्या वहीत ६२ वजा ३८ चं उत्तर ३६. पुढच्या गणितातही तसंच काहीतरी. मुलांच्या चुका बघायची सवय झालेल्या माणसाला हे लगेच ओळखू येतं. दोनातून आठ जात नाहीत, मग तो आठातूनच दोन वजा करतो. सहातून तीन. वरचा अंक, खालचा अंक असं काही नाहीच, मोठ्यातून लहान. प्रत्येक रकान्यात वेगळं गणित चाललेलं असतं, ६२ ही एक संख्या आहे हे कुठेच नसतं. हा हिशेब चुकीचा असला तरी पक्का असतो. त्यात मुलाला शंका येत नाही, म्हणून नुसता सराव दिला की चूक आणखी घट्ट होते. ‘सराव करावा’ या नोंदीचं हे दुखणं आहे.

ऑगस्टच्या शेवटी त्याच वहीत ६२ वजा ३८ बरोबर २४. सहावर तिरपी रेघ, वर बारीक पाच, दोनाच्या डोक्यावर बारा. दशक सुटा करणं त्याला आलं होतं. मध्ये काड्यांचे गठ्ठे सोडून-बांधून आठ-दहा तास गेले होते, ते कामी आले.

आणि संकलितच्या पेपरात ५०३ वजा २६७. उत्तर ३३६. लाल फुली, शून्य गुण. खाली ४०२ वजा १५८, उत्तर ३४४. पुन्हा फुली.

पेपर तपासताना मी या दोन्हींवर फुली मारून पुढे गेले होते. आता वहीशेजारी पेपर ठेवला तेव्हा दिसलं, की जुलैचा भूषण असता तर ५०३ वजा २६७ चं उत्तर त्याने ३६४ लिहिलं असतं. सातातून तीन गेले चार, सहातून शून्य गेलं सहा, पाचातून दोन तीन. त्याने ३६४ लिहिलं नव्हतं. ३३६ लिहिलं होतं. बरोबर उत्तर २३६. म्हणजे नेमके शंभर जास्त. आणि ४०२ वजा १५८ चं बरोबर उत्तर २४४, त्याचं ३४४. तिथेही नेमके शंभरच जास्त. दोनदा नेमके शंभर चुकणं हा वेंधळेपणा नसतो. तिथे काहीतरी एकच गोष्ट राहून गेलेली असते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवलं आणि तेच गणित पुन्हा करायला दिलं, तोंडाने बोलत. तीनातून सात जात नाहीत. शेजारी शून्य. शून्यावर त्याने रेघ मारून नऊ लिहिले, तीनाचे तेरा केले. तेरातून सात सहा. नऊतून सहा तीन. पाचातून दोन तीन.

‘‘नऊ कुठून आले?’’

‘‘शून्याचा नऊ होतो, मॅडम.’’

‘‘कोणी सांगितलं?’’

बेंचवरच्या जोडीदाराचं नाव. मी हजेरीपट उघडला. सप्टेंबरच्या शेवटी सलग नऊ दिवस गैरहजर. पाठ टाचणात बघितलं, मध्ये शून्य असलेली वजाबाकी मी नेमकी त्याच दिवसांत घेतलेली. पूर्वहंगामी कापूस तेव्हाच फुटायला लागतो. घरात धाकटी बहीण आहे, आई वेचायला गेली की तिला सांभाळायला हा. परत आल्यावर त्याने मित्राची वही उतरवून घेतली. वहीतून त्याला नऊ दिसले. त्यांच्यामागे पाचाचे चार झालेले त्याला दिसले नाहीत, किंवा दिसले आणि कशासाठी ते कळलं नाही. शंभर मोडून दहा दशक आले, त्यातला एक मोडून दहा सुटे आले, म्हणून शेकडे चार आणि दशक नऊ. या साखळीतला पहिला दुवाच त्याच्या हाती नव्हता. बाकी सगळं होतं.

मग हा मुलगा जागचा हलला नाही असं कसं म्हणणार? जुलैत त्याला दशक सुटा करता येत नव्हता. ऑक्टोबरमध्ये तो शून्यावरून उसनं घेतो आणि फक्त शेकडा कमी करायचा विसरतो. दोन्हीकडे फुली आहे, दोन फुल्यांमध्ये तीन महिन्यांचं काम आहे. पेपर दुसरीच्या मानाने अवघड झाला, तोही त्याच्याबरोबर वर चढला, म्हणून श्रेणी तिथेच दिसते.

तर आता चिठ्ठी. इथे मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी, सांगावीशी वाटत नाही तरी. नोकरीच्या सुरुवातीला मी एका मुलाच्या नोंदीत ‘चंचल, अभ्यासात लक्ष नाही’ असं लिहिलं होतं. सुट्टीनंतर तो शाळेत आला तेव्हा त्याच्या मोठ्या भावाकडून कळलं, की वडिलांनी त्याला त्या एका ओळीवरून चांगलाच बडवला होता. शिक्षा घरी झाली, पण लिहिलं मी होतं. आणि दुसरं आणखी वाईट. ती ओळ वडिलांना वाचून दाखवली होती त्या मुलानेच. आमच्याकडे निम्म्या घरांत प्रगतिपत्रकाचं वाचन ज्याचं प्रगतिपत्रक तोच करतो. तेव्हापासून मी जे काही लिहिते ते मुलाच्या तोंडून आईला ऐकू जाणार आहे, असं धरूनच लिहिते.

म्हणून चिठ्ठीचा कच्चा मसुदा मी आधी त्यालाच वाचायला देते. भूषणच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘दशकाची संकल्पना स्पष्ट झाली आहे.’ ‘संकल्पना’वर तो थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला. खोडलं. पुढे होतं, ‘अनियमित उपस्थितीमुळे हा घटक राहून गेला.’ हे त्याने घडाघडा वाचलं, पण वाचून झाल्यावर मान खाली घातली. तेही खोडलं. नऊ दिवस तो का आला नाही हे त्याच्या आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिला ते ऐकवून मी मिळवणार काय होते? गैरहजेरी हजेरीपटात आहेच. चिठ्ठीत जायला हवं ते एवढंच, की त्या दिवसांत काय शिकवलं गेलं आणि ते आता कसं भरून काढायचं.

घरी काय करायचं, हा सगळ्यांत अडचणीचा भाग. ‘पालकांनी अभ्यास घ्यावा’ असं लिहिणं सोपं. ज्या आईला अंक लिहिता येत नाहीत ती हातच्याची वजाबाकी काय घेणार? पण भूषणची आई शनिवारच्या बाजारात दर आठवड्याला शंभराची नोट मोडते. मोडल्यावर हातात किती उरले हे तिला कोणी शिकवावं लागत नाही. ५०३ वजा २६७ मध्ये जे अडलंय ते तिला येतं आणि भूषणला येत नाही. मी लिहिलं, की शंभराच्या पाच नोटा आणि तीन रुपये त्याच्यापुढे ठेवा आणि दोनशे सदुसष्ट मागा.

मसुदा वाचायला दिला त्या दिवशी योगायोगाने त्याची आई धाकटीला घेऊन शाळेत आली होती, तिच्या आधार कार्डाच्या कामासाठी. भूषणने तिला ती ओळ वाचून दाखवली. ती हसायलाच लागली. ‘‘पाच नोटा घरमा ऱ्हातीन तवय ना, मॅडम!’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग गणिताच्या पेटीतल्या खेळातल्या नोटा काढल्या. शंभराच्या पाच, दहाच्या दहा, रुपयाची तेरा नाणी, सगळं एका पाकिटात. तेराच नाणी का, तर त्याहून जास्त लागत नाहीत. शेवटी चिठ्ठी अशी झाली:

‘भूषणच्या आईला. जुलैत भूषण ६२ मधून ३८ वजा करताना ३६ लिहीत होता. आता २४ लिहितो. दशक सुटा करायला तो शिकला. आता ५०३ मधून २६७ वजा करताना त्याचे उत्तर ३३६ येते. खरे उत्तर २३६ आहे. शंभराची एक नोट आपण मोडली, हे तो विसरतो. तो भाग शिकवला तेव्हा तो शाळेत नव्हता. पाकिटात खेळातल्या नोटा आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आठवड्यातून दोनदा त्याला शंभराच्या पाच नोटा आणि तीन नाणी द्या. बाकीचे पैसे तुमच्याकडे ठेवा. दोनशे सदुसष्ट रुपये मागा. सुटे नसले की तो तुमच्याकडून मोडून घेईल. मोडली की लगेच विचारा, आता शंभराच्या किती उरल्या? भूषण गोष्ट सांगतो तेव्हा सगळा वर्ग गप्प बसून ऐकतो. लिहिताना तो काळीला कायी लिहितो. ते मी बघते. घरी तुम्ही अहिराणीतच बोला.’

शेवटच्या तीन वाक्यांबद्दल थोडं. मराठीच्या पेपरात भूषणने लिहिलं होतं, ‘आमच्या वावरात कायी माती आहे. माझी शाया नदीजवळ आहे.’ तयार नोंदीत याला उत्तर आहे, ‘शुद्धलेखनात चुका करतो’ किंवा ‘बोलीभाषेचा वापर टाळावा’. पहिलं खरं नाही आणि दुसरं मला पटत नाही. अहिराणीत ळ चा य होतो. जळगावचं जयगाव आणि धुळ्याचं धुये इथे मोठी माणसंही म्हणतात. मूल कानाने ऐकतं तेच हाताने लिहितं, म्हणजे त्याचं ऐकणं आणि लिहिणं दोन्ही शाबूत आहे. त्याच पेपरात वेलांटी-उकाराच्या चुका त्याने फारशा केल्या नव्हत्या. निष्काळजीपणा असता तर तो तिथे आधी दिसला असता. त्याला फक्त कुठल्या शब्दात य आपला आणि कुठल्यात ळ हवा, हे वेगळं करून दाखवायचं आहे. काळा-डोळा-शाळा-फळा अशा वीस-पंचवीस शब्दांच्या पट्ट्या वर्गात लावल्या की ते होतं. ते काम माझं. आईला त्यासाठी कामाला लावलं, तर ती पोराशी घाबरत घाबरत मराठी बोलायला लागते आणि तो वर्गात गोष्ट सांगायचा थांबतो. हे मी दोनदा झालेलं बघितलंय.

या चिठ्ठ्यांबद्दल आमच्यातच मतं आहेत. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, ‘‘उत्तराचे आकडे पालकांना कशाला? घाबरतात.’’ माझा अनुभव उलटा आहे. आकड्याला कोणी घाबरत नाही, ‘सुधारणा आवश्यक’ला घाबरतात, कारण त्याचा शेवट कुठे हे दिसत नाही. पण दुसरा आक्षेप खरा आहे: एवढं खणायला प्रत्येक मुलामागे दीड-दोन तास जातात. वह्या जुलैपासून तारखांसह जपलेल्या असाव्या लागतात. नसल्या तर चिठ्ठी लिहिता येत नाही, मागची चूक कोणती होती तेच कळत नाही. मी आता जून-जुलैतच प्रत्येकाची एक उजळणी चाचणी कपाटात ठेवून देते. तपासते, पण परत देत नाही. ऑक्टोबरमध्ये तीच बाहेर काढते.

सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा भूषणने पाकीट परत आणलं. रुपयाची दोन नाणी कमी होती, बहिणीने खेळायला नेली म्हणाला. फळ्यावर ५०३ वजा २६७ दिलं. २३६. ४०२ वजा १५८. २४४. पाचाचे चार, चाराचे तीन, दोन्ही ठिकाणी रेघ मारून.

मग मी जरा पुढे गेले. ६०० वजा २४८.

त्याने बराच वेळ घेतला. सहाचे पाच केले. मधल्या शून्यावर दहा लिहिले. शेवटच्या शून्यावरही दहा. उत्तर ३६२.

बरोबर उत्तर ३५२. आता नेमके दहा जास्त. शेकडा मोडल्याचं लक्षात राहिलं होतं. आलेल्या दहा दशकांतला एक पुन्हा मोडला, ते राहिलं. मी पाकिटातल्या दहाच्या दहा नोटा त्याच्यापुढे टाकल्या आणि काही बोलले नाही. त्याने एक उचलून माझ्याकडे सरकवली, बदल्यात नाणी मागितली. मी उरलेली अकरा त्याच्यापुढे ठेवली. त्याने त्यांतली दहा मोजून घेतली आणि एक परत सरकवलं. मग बाकीच्या नोटा मोजायला लागला, अहिराणीत, हळू आवाजात. नऊवर थांबला, आणि मधल्या शून्यावरचे दहा खोडायला त्याने माझ्या हातातला डस्टर मागितला.